स्पीकर निर्दोष आहे

मॉनिटरच्या पडद्यावर लहरी उठायला लागल्या, अक्षरं थरथरायला लागली, की ऑफिसातलं कोणीतरी जाणतं माणूस पुढे येतं आणि शेजारचा स्पीकर उचलून लांब ठेवतं. लहरी तशाच राहतात. मग केबल हलवून बघतात, मॉनिटरच्या पाठीवर एक चापट बसते, आणि शेवटी 'पॅनेल गेलं' असा निकाल लागतो. यातला स्पीकर हलवण्याचा सल्ला वीस वर्षांपूर्वी अगदी बरोबर होता. आज तो बहुतेक वेळा चुकतो, आणि तो का चुकतो हे कळलं की खरा गुन्हेगार शोधणं सोपं जातं.

जुना मॉनिटर, म्हणजे मागे भलंमोठं पोट असलेला काचेच्या नळीचा. त्या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटायचा आणि साधारण पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीने पडद्यावर येऊन आदळायचा. त्या झोताला डावीउजवीकडे, वरखाली वळवायचं काम नळीच्या मानेभोवतीची तारेची वेटोळी करायची, चुंबकाच्या जोरावर. म्हणजे चित्र काढणारा हातच चुंबकाने हलत होता. शेजारी दुसरा चुंबक आणून ठेवला तर तो हात धरणारच. स्पीकरच्या मागे भरभक्कम चुंबक असतो; तो जवळ आला की झोत किंचित सरकायचा आणि लाल ठिपक्यासाठी निघालेले इलेक्ट्रॉन हिरव्यावर पडायचे. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळट-हिरवे डाग दिसायचे ते यामुळे. म्हणून तेव्हा कॉम्प्युटरसोबत येणाऱ्या चांगल्या स्पीकरमध्ये मुख्य चुंबकाच्या पाठीला एक उलटा चुंबक चिकटवलेला असे आणि वर लोखंडी टोपी, म्हणजे चुंबकाचा प्रभाव बाहेर फारसा पडू नये.

पण एक बारकावा तेव्हाही लोकांच्या लक्षात यायचा नाही. स्पीकरचा चुंबक स्थिर असतो, त्यामुळे तो डाग पाडतो. लाटा उठवत नाही. लाटा उठवायला बदलतं चुंबकत्व लागतं, आणि ते यायचं स्पीकरच्या पोटातल्या किंवा प्लगातल्या ट्रान्सफॉर्मरमधून. आपली घरची वीज सेकंदाला 50 आवर्तनं पूर्ण करते. मॉनिटर मात्र सेकंदाला 60 चित्रं काढायचा. या दोन आकड्यांतला फरक दहा, म्हणून पडद्यावरचं चित्र सेकंदाला दहा वेळा डुलायचं. मॉनिटर 85 वर लावला की डुलणं 35 वर जायचं, इतकं जलद की डोळ्याला ते थरथरीसारखं वाटायचं. विजेच्या मीटरखोलीला लागून असलेल्या भिंतीशी मॉनिटर ठेवणाऱ्यांनी हा प्रकार मुबलक भोगला आहे.

उपाय एकच होता, अंतर. अशा लहान उगमाचं चुंबकत्व अंतराच्या घनाने कमी होतं. ट्रान्सफॉर्मर एक वीत लांब होता तो दोन वितींवर नेला की त्रास निम्मा नव्हे, साधारण आठव्या हिश्शावर येतो. जाणत्या माणसाने स्पीकर जरासा सरकवला आणि चित्र एकदम शहाण्यासारखं वागू लागलं, त्यामागे हा घनाचा हिशेब होता.

आताच्या सपाट पडद्यात झोत नाही, वळवणारी वेटोळी नाहीत. प्रत्येक ठिपका जागच्या जागी कोरलेला आहे आणि त्याला किती उजेड सोडायचा एवढंच सांगावं लागतं. त्याच्याजवळ स्पीकर ठेवला तरी ठिपका सरकणार नाही. मग लहरी येतात कुठून? येतात केबलमधून. आणि त्यातही मुख्यतः एका विशिष्ट केबलमधून, जिच्या टोकाला निळं, पंधरा पिनांचं, दोन स्क्रूंचं कनेक्टर असतं ती व्हीजीए केबल. सरकारी कार्यालयं, शाळांचे प्रोजेक्टर, दुकानांची बिलिंगची टेबलं, जुन्या लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर, अशा ठिकाणी ती अजून ठाण मांडून आहे.

या केबलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांसाठी तीन तारा असतात आणि रंगाची तीव्रता व्होल्टेजच्या रूपाने जाते. शून्य म्हणजे काळा, 0.7 व्होल्ट म्हणजे तो रंग पूर्ण. या पाऊण व्होल्टपेक्षाही कमी जागेत 256 छटा बसवायच्या. भागाकार केला तर एका छटेच्या वाट्याला पावणेतीन मिलिव्होल्टसुद्धा धड येत नाहीत. आता वाटेत कुठून तरी दहा मिलिव्होल्टचा उपद्रव मिसळला, तर राखाडी रंग तीन-चार छटांनी उजळ किंवा गडद होणार. स्थिर फरक असता तर डोळ्याने तो सोडून दिला असता. पण हा फरक सरकत असतो, आणि सरकणारी गोष्ट डोळा कधीच सोडत नाही.

दहा मिलिव्होल्ट येतात कसे, ते एका खऱ्या टेबलावर पाहू.

सांगलीत माझ्या ओळखीच्या एक कर सल्लागार आहेत. घरातल्या पुढच्या खोलीत ऑफिस. जुना पण दणकट लॅपटॉप, त्याला व्हीजीए केबलने मोठा मॉनिटर जोडलेला, शेजारी दोन छोटे स्पीकर, फोनचा चार्जर, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा एक एक्स्टेंशन बोर्ड. विवरणपत्रांच्या हंगामात मॉनिटरवर बारीक तिरप्या रेघा वाहायला लागल्या. पांढऱ्या पानावर कमी, राखाडी पार्श्वभूमीवर जास्त. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. "मॅडम, पॅनेल बदलावं लागेल. त्यापेक्षा नवीनच घ्या," असं त्याने सांगितलं.

पॅनेलचा दोष आहे की नाही हे पाहायला एक फुकटची चाचणी आहे, आणि ती दुरुस्तीवाल्याने केली नव्हती. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडायचा, तो ब्राइटनेस-काँट्रास्टचा. हा मेन्यू मॉनिटर स्वतःच्या पोटात तयार करतो. तो केबलमधून येत नाही. मेन्यूची चौकट शांत आणि तिच्या मागचं चित्र लहरतंय, तर उपद्रव केबलमधून आत येतोय. मेन्यूसुद्धा लहरत असेल, तर मात्र दोष मॉनिटरच्या आत आहे, बहुधा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असतात. बाईंच्या मॉनिटरवर मेन्यू दगडासारखा स्थिर होता. म्हणजे पॅनेल ठणठणीत.

मग एकेक वस्तू बाजूला करायची. स्पीकरचा प्लग काढला, रेघा तशाच. फोनचा चार्जर काढला. रेघा जरा पुसट झाल्यासारख्या वाटल्या, खात्री नाही. लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर काढला, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि रेघा जागच्या जागी नाहीशा झाल्या. पुन्हा लावला, पुन्हा आल्या. इथे अनेक जण थांबतात आणि नवा अ‍ॅडॉप्टर मागवतात. पण त्याआधी प्लग कुठे लावलाय हे बघायला हवं. अ‍ॅडॉप्टरचा प्लग तीन पिनांचा होता. बोर्डवरची त्याच्या जवळची जागा दोन भोकांची होती, म्हणून मधे तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारा तो दहा-वीस रुपयांचा चौकोनी तुकडा घातलेला. अर्थिंगची तिसरी पिन त्या तुकड्यात शिरून तिथेच संपत होती.

बाईंनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेला मनगट लागलं की बारीक मुंग्या येतात. पण मॉनिटर जोडलेला असताना येत नाहीत. या एका वाक्यात सगळा उलगडा होता.

चार्जर किंवा अ‍ॅडॉप्टर घरची वीज थेट वापरत नाही. आधी ती सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतो. लॅपटॉपच्या बऱ्याच अ‍ॅडॉप्टरांमध्ये हा वेग सेकंदाला 65 हजारांच्या आसपास असतो. इतक्या झटक्यांचा उपद्रव दाबायला विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. त्यातून घरच्या विजेचा अगदी थोडासा अंश पलीकडे झिरपतो, मिलिअ‍ॅम्पिअरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढा. तो धोक्याचा नाही, त्वचेला जाणवतो इतकंच. या झिरपणाऱ्या विजेला आणि झटक्यांच्या उरल्यासुरल्या उपद्रवाला जमिनीत जायला वाट हवी असते. ती वाट म्हणजे अर्थिंगची पिन. बाईंच्या टेबलावर ती वाट त्या चौकोनी तुकड्याने बंद केली होती. मग उपद्रवाने दुसरी वाट शोधली. लॅपटॉपच्या अंगातून व्हीजीए केबलच्या जाळीत, तिथून मॉनिटरमध्ये, आणि मॉनिटरच्या तीन पिनांच्या प्लगातून जमिनीत. केबल जोडलेली असताना मुंग्या थांबत होत्या, कारण लॅपटॉपला अर्थिंग मिळत होतं ते मॉनिटरच्या केबलमधून.

केबलच्या याच जाळीला दोन्ही बाजूंची यंत्रं 'शून्य व्होल्ट' समजतात आणि तिच्या तुलनेत रंगाचं माप घेतात. तिच्यातून परका प्रवाह गेला की तिच्या दोन टोकांमध्ये फरक पडतो. मॉनिटर तो फरक रंगात मिळवून टाकतो. सोनाराच्या काट्याचा दांडाच कोणी हलवत असेल तर सोनं कितीही खरं असून उपयोग नाही, तसलाच हा प्रकार.

रेघा तिरप्या का? पूर्ण एचडी मॉनिटर सेकंदाला 67 हजार 500 आडव्या ओळी रंगवतो. अ‍ॅडॉप्टरचे झटके 65 हजार. म्हणजे एका ओळीला साधारण एक झटका, पण किंचित उशिराने. पहिल्या ओळीत गडद ठिकाण जिथे पडलं, त्याच्या खालच्या ओळीत ते जरा उजवीकडे पडतं, त्याच्या खालच्या ओळीत आणखी जरा. सत्तावीस ओळींत ते पडद्याची रुंदी ओलांडतं. वरून खालपर्यंत तिरपे पट्टे तयार होतात. अ‍ॅडॉप्टरचा वेग लॅपटॉप किती वीज ओढतो त्यानुसार थोडा बदलतो, म्हणून पट्टे सरकतात, कधी दाट होतात, कधी विरळ. बॅटरी भरत आली की त्यांची तऱ्हा बदलते.

यावरून नुसता पडदा पाहून उगम ओळखता येतो. बारीक, तिरप्या, वाहणाऱ्या रेघा दिसल्या तर चार्जर, अ‍ॅडॉप्टर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर असं काहीतरी जलद चालू-बंद होणारं यंत्र. रुंद, आडवा, उजेड-अंधाराचा पट्टा फडफडत असेल तर घरची 50 ची वीज. खात्री करायची तर मॉनिटर परवानगी देत असल्यास रिफ्रेश रेट 60 वरून 50 वर आणून बघा. पट्टा फडफडायचा थांबून जवळजवळ उभा राहिला आणि गोगलगायीच्या गतीने सरकू लागला, तर तो विजेचाच. आणि काहीही न सरकता फक्त बारीक अक्षरांच्या कडा चमचमत असतील, तर तो उपद्रवच नव्हे. मॉनिटरने सिग्नल मोजण्याची वेळ चुकवली आहे. 'Auto' लिहिलेलं बटण दाबलं की तो आपला आपण सुधारतो.

बाईंच्या टेबलावर इलाज साधा झाला. चौकोनी तुकडा फेकला. मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्हींचे प्लग एकाच बोर्डच्या तीन भोकांच्या जागांत लावले. नव्वद टक्के रेघा गेल्या. राखाडी रंगावर नजर रोखली तरच दिसेल अशी एक पुसट छाया उरली. ती केबलची होती.

व्हीजीए केबल बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, आत फरक असतो. चांगल्या केबलमध्ये तिन्ही रंगांच्या तारांना प्रत्येकी स्वतंत्र जाळी असते, टीव्हीच्या केबलसारखी; शिवाय सगळ्यांवर मिळून एक पन्नी आणि एक विणलेली जाळी. अशा केबलच्या अंगावर बहुधा '3+6' किंवा तत्सम काही छापलेलं असतं. यातले तीन म्हणजे जाळीच्या तारा, पुढचा आकडा साध्या तारांचा. स्वस्त केबलमध्ये जाळी नावाला असते. तिचा शून्य व्होल्टचा रस्ता बारीक तारेचा, आणि तार जितकी बारीक तितका तिच्या दोन टोकांतला फरक मोठा. बोटाएवढी जाड केबल आणि करंगळीपेक्षा बारीक केबल यांत पैशाचा फरक थोडका आहे, कामाचा मोठा. टोकाचे दोन स्क्रू केबल पडू नये एवढ्यासाठीच नसतात. कनेक्टरचं धातूचं कवच पक्कं टेकलं तरच जाळीचं काम नीट होतं. म्हणून ते पिळलेले हवेत.

केबलवर जो काळा गोळा असतो त्याच्या आत फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं भाजलेलं कडं असतं. ते अतिजलद उपद्रव रोखतं. 50 च्या विजेपुढे त्याचं काहीच चालत नाही, त्यामुळे आडवा पट्टा फडफडत असेल तर गोळे लावत बसण्यात अर्थ नाही. तसंच, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची जाळी ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्वही अडवत नाही. तिथे पुन्हा जुना उपाय, अंतर.

केबल कशी टाकली आहे यालाही महत्त्व आहे. जास्तीची व्हीजीए केबल आणि अ‍ॅडॉप्टरची जास्तीची वायर एकत्र गुंडाळून रबर लावून ठेवणं दिसायला नीटनेटकं असतं, पण दोन वायर जितक्या लांबवर समांतर धावतील तितका एकीचा उपद्रव दुसरीत उतरतो. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. बाईंनी चांगली केबल घेतली, ती टेबलाच्या एका पायावरून आणि विजेच्या वायर दुसऱ्या पायावरून उतरवल्या. उरलेली छाया गेली. मॉनिटर तोच.

यापुढचं सांगायलाच हवं, कारण इथे गोष्ट नुसत्या चित्राची राहत नाही. कॉम्प्युटर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि मॉनिटर किंवा प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असतो आणि तो भरून काढायला प्रवाह केबलच्या जाळीतून धावतो. शाळांच्या प्रोजेक्टरवर जो रुंद पट्टा थरथरतो तो हाच. यावर एक जुगाड सर्रास चालतो, एका यंत्राची अर्थिंगची पिन तोडायची. पट्टा जातो, हे खरं. पण त्या यंत्रात उद्या फेजची वायर पत्र्याला टेकली, तर ती वीज जमिनीत जायला उरलेला एकमेव रस्ता ती बारीक केबल असते, आणि केबल काढलेली असली तर हात लावणारा माणूस. त्याऐवजी दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर आणा. लांब एक्स्टेंशन लागलं तर लागलं.

दुसरा प्रकार याहून वाईट. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायर नसते. मग कोणी हुशार माणूस सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून टाकतो. टेस्टर काही बोलत नाही, सगळं ठीक दिसतं. मात्र त्या वायरिंगवरच्या पंख्या-फ्रिजचा परतीचा प्रवाह आता मॉनिटरच्या केबलमधूनही वाट काढू लागतो. न्यूट्रल कुठे तुटला तर यंत्राचा पत्राच जिवंत होतो. पडद्यावरचा पट्टा फ्रिज सुरू झाला की गडद होत असेल, किंवा केबल हाताला कोमट लागत असेल, तर कॉम्प्युटरवाल्याला नव्हे, परवानाधारक वायरमनला बोलवा. तो मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक मोजेल. घरातली उपकरणं चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आतला फरक नेहमीचा. बरोबर शून्य आला, तर ते दोघे सॉकेटमागेच जोडलेले नाहीत ना, हे सॉकेट उघडून बघायला सांगा.

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेल्या मॉनिटरवर यातलं बहुतेक काही होत नाही. तिथे छटा व्होल्टेजने नव्हे, शून्य-एकच्या आकड्यांनी जाते, आणि थोडाफार उपद्रव मिसळला तरी शून्याचा एक होत नाही. उपद्रव फारच वाढला तर चित्र लहरत नाही. ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. पंख्याचं बटण दाबताना किंवा गॅसच्या दांड्याची फिरती खुर्ची सोडून उठताना मॉनिटर डोळा मिटल्यासारखा करतो, तो हाच अनुभव. खुर्चीच्या बाबतीत दोषी असते साठलेली स्थिर वीज. त्यावरही चांगली, शक्य तितकी आखूड केबल हाच इलाज. मात्र एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर लावून सुटका झाली असं समजू नका. कन्व्हर्टरच्या पुढे पुन्हा तीच 0.7 व्होल्टची गोष्ट सुरू होते.

तेव्हा मॉनिटर भंगारात द्यायच्या आधी त्याचा मेन्यू उघडून बघा, मग चार्जर काढून बघा. दोन्ही यंत्रांना एचडीएमआयची जागा असेल तर ती केबल घ्या आणि विषय मिटवा. नसेल तर जाड व्हीजीए केबल घ्या, आणि बोर्डात अडकलेला तो तीनाचं दोन करणारा तुकडा आजच काढून टाका.